वॉकी-टॉकी, पण नावापुरता

आता ॲपल वॉचवरचं हे ‘वॉकी-टॉकी’ बघा. २०१८ मध्ये आलं. बटण दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं. थाट सगळा वॉकी-टॉकीचा. आतून मात्र तो इंटरनेटवरून जाणारा फेसटाइम ऑडिओ आहे. समजा, आई आणि मुलगी फोन घरी ठेवून डोंगरात गेल्या, दोघींमध्ये शंभर पावलांचं अंतर आहे. घड्याळं सेल्युलर असतील आणि रेंज असेल, तरच आवाज पोहोचेल. नुसती जीपीएसवाली असतील तर ओळखीचं वाय-फाय हवं, ते डोंगरात कुठलं? मेसेजचंही तेच. खरा वॉकी-टॉकी रेंज मागत नाही, म्हणून माझा आक्षेप नावालाच आहे. आणि फोन बंद करून घरी चाचणी घ्याल, तर वाय-फायमुळे ती पासच होईल! चाचणी घरापासून लांब, रस्त्यावर घ्या.