वसुली ९३ टक्के? आधी छेद बघा!

ग्रामपंचायतींवर संशोधन करायचं ठरवलंत की घरपट्टी वसुलीची टक्केवारी हा आकडा हमखास हाताशी येतो. लेखापरीक्षण झालंय म्हणजे आकडा पक्का, असं धरून आपण तो थेट तक्त्यात टाकतो. माझा आक्षेप नेमका इथेच आहे.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. मागची थकबाकी १,२०,००० रुपये, चालू मागणी २,८०,०००, म्हणजे एकूण मागणी ४,००,०००. वर्षभरात वसूल झाले २,६०,०००. त्यापैकी ९०,००० थकबाकीचे आणि १,७०,००० चालू वर्षाचे. आता सगळ्या वसुलीला फक्त चालू मागणीने भागलं तर ९३ टक्के येतात. एकूण मागणीने भागलं तर ६५. आणि चालू वसुली चालू मागणीशी ताडली तर जेमतेम ६१. एकच पंचायत, एकच वर्ष, तीन उत्तरं! त्यामुळे छेद कुठला घेतलाय हे कळेपर्यंत दोन गावांची तुलना करूच नका.

पण खरी गोम पुढच्या वर्षात असते. वरच्या हिशेबात १,४०,००० रुपये येणे राहिले. म्हणजे पुढच्या वर्षीच्या नमुना ९ मध्ये, म्हणजे कर मागणी नोंदवहीत, सुरुवातीची थकबाकी तेवढीच असायला हवी. तिथे ९०,००० दिसले तर ५०,००० गेले कुठे? आपण सायन्सवाले प्रयोगात वस्तुमानाचा ताळा बघतो, तसाच हा ताळा आहे. अहवाल एकेका वर्षाचा सुटा वाचला तर ही गळती दिसतच नाही, कारण प्रत्येक वर्ष आपापल्या जागी बरोबर जुळतं.

मात्र फरक दिसला म्हणजे अपहार झाला, असं लगेच लिहू नका. एकाच घराची दोनदा आकारणी झाली असेल आणि ती नंतर दुरुस्त केली असेल. रीतसर मंजुरीने रक्कम माफ झाली असेल. अशा वेळी ठराव आणि नमुना ८, म्हणजे आकारणी नोंदवही, यांत त्याची खूण सापडायला हवी. ती नसेल तर ज्या घरांची बाकी गायब झाली त्यांची यादी करा. मग नमुना १० च्या पावतीची स्थळप्रत, रोकड वही आणि बँक पासबुक या क्रमाने माग काढा. स्थळप्रत आहे पण रोकड वहीत नोंद नाही, तर पैसे मधेच थांबलेत.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. पावती पुस्तकच साठ्याच्या नोंदीबाहेरचं असेल तर कार्यालयातली सगळी कागदं एकमेकांशी छान जुळतील. तेव्हा पुरावा एकाच ठिकाणी मिळेल: घरमालकाने जपून ठेवलेल्या पावतीत. म्हणून नमुन्यातली काही घरं निवडा, दारात जा आणि पावती दाखवा म्हणा.

तुमच्या आराखड्यात सलग दोन वर्षांचा नमुना ९ आहे का? नसेल तर 'वसुली' हा चल तूर्त बाजूला ठेवा.