कथेची कादंबरी होताना

दिवाळी अंकात गाजलेल्या कथेची कादंबरी होते, तेव्हा बहुतेकदा नायकाचं बालपण, गाव, लग्न असं काहीबाही मागेपुढे जोडलं जातं. पानं वाढतात, पण कथेत जे घडून गेलं त्याहून वेगळं काही घडत नाही. वाढीची जागा कशी हेरावी हे पाहायचं असेल, तर व्हर्जिनिया वुल्फ यांची ‘मिसेस डॅलोवे इन बॉन्ड स्ट्रीट’ ही कथा आणि १९२५ची ‘मिसेस डॅलोवे’ ही कादंबरी लागोपाठ वाचावी.

कथा १९२३ साली ‘द डायल’ मासिकात आली. क्लॅरिसा डॅलोवे हातमोजे घ्यायला निघते. वाटेत ह्यू व्हिटब्रेड हा जुना मित्र भेटतो, तो आजारी बायकोविषयी बोलतो. दुकानात दमलेली विक्रेती तिची उस्तवार करते. शेवटी रस्त्यावर स्फोटासारखा आवाज होतो, आणि क्लॅरिसा ताठ बसून राहते.

वाढवायला सोपे धागे म्हणजे ह्यूचं घर किंवा ती विक्रेती. त्यांना सहानुभूती आयती मिळाली असती. वुल्फ यांनी विक्रेती सोडली आणि ह्यूला दुय्यमच ठेवलं. वाढवला तो क्लॅरिसाच्या मनात ओझरता येणारा धागा: महायुद्धात मेलेले तरुण. मुलगा गेल्याची तार हातात असतानाही समारंभाचं उद्घाटन करणारी लेडी बेक्सबरो तिला आठवते. जगरहाटी चालू राहावी म्हणून हजारो तरुण गेले, असं ती मनाशी म्हणते आणि तेवढ्यावर थांबते. कथेने न पेलता सोडलेला भार नेमका इथे आहे.

तो पेलायला सेप्टिमस स्मिथ आला. ‘द प्राइम मिनिस्टर’ या वेगळ्या खर्ड्यात तो पंतप्रधानांना मारायला निघाला होता. कादंबरीत हे कारस्थान गळलं. उरला तो युद्धातून परतलेला, मेलेला मित्र इव्हान्स ज्याला दिसत राहतो असा माणूस. कादंबरीच्या पहिल्या आराखड्यात हा सेप्टिमस नव्हता. मरण क्लॅरिसाच्याच वाट्याला यायचं होतं, असं वुल्फ यांनी १९२८च्या प्रस्तावनेत सांगितलं आहे.

आता सांध्याकडे पाहा. कथेचा शेवट करणारा आवाज कादंबरीत सुरुवातीलाच मोटारीचा होऊन येतो. हातमोज्यांच्या जागी फुलं येतात. फुलांच्या दुकानात क्लॅरिसा दचकते आणि त्याच रस्त्यावर सेप्टिमस खिळून उभा राहतो. दोघं कधीच भेटत नाहीत. संध्याकाळी तिच्या मेजवानीत सेप्टिमसचे डॉक्टर ब्रॅडशॉ यांची बायको त्याच्या आत्महत्येची बातमी सांगते, तेवढाच संबंध. तो पुरतो, कारण कथेत क्लॅरिसाने जो विचार अर्धवट टाकला होता तो आता तिला टाळता येत नाही.

डॉक्टर ब्रॅडशॉवरची पानं मात्र मला निबंधासारखी वाटतात. लेखिकेचा राग तिथे पात्राच्या पुढे धावतो.

आपल्या कथेचा धागा निवडताना तो गौण पात्रांत शोधण्याआधी नायकाने कुठे विचार आवरता घेतला ती ओळ काढा. त्या ओळीतून उभा राहणारा माणूस नायकाचा शेवट बदलत नसेल, तर कथा कथाच राहू द्यावी.