'माहितीप्रमाणे खरे' म्हणजे काय?

आमच्यापुढे आलेला एका प्रतिज्ञापत्राचा मराठी अनुवाद पाहू. इंग्रजी मुळात शेवटी दोन भाग होते: परिच्छेद 1 ते 4 'नॉलेज'ने खरे, पाचवा 'इन्फर्मेशन'वरून खरा मानलेला. चौथ्यातली सही साक्षीदाराच्या डोळ्यांदेखत झालेली. पाचव्यातली गोष्ट भावाने सांगितलेली. अनुवादकाने सगळ्यांना एकच शिक्का मारला: 'माझ्या माहितीप्रमाणे खरे'. ऐकायला बरं वाटतं, पण घात इथेच झाला. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 19, नियम 3 हाच भेद पाळतो: स्वतःला ठाऊक असलेलंच लिहावं, अंतरिम अर्जात समजूत चालू शकते, पण तिचा आधार सांगावा लागतो. म्हणून आम्ही लिहू, '1 ते 4 मला स्वतःला ठाऊक आहे त्यानुसार खरे. 5 भावाकडून कळलेले, व ते मी खरे मानतो.' हे न करता खाली 'मुळाबरहुकूम' असा दाखला जोडला, तर तो दाखलाच खोटा ठरतो.