नाणे आणि पोलीस : आकस्मिक सुटकेची मीमांसा

ग्रीक रंगभूमीवर यारीच्या साहाय्याने वरून उतरविलेला देव नाटकातील पेच सोडवीत असे. कथानकाची उकल कथानकातूनच व्हावी, असे सांगताना ॲरिस्टॉटलने या युक्तीला दोष दिला. भरताची भूमिका वरकरणी याच्या उलट दिसते, कारण निर्वहणसंधीत अद्भुत रसाची योजना असावी असे तो सांगतो. परंतु मुखादी संधींत विखुरलेले बीजयुक्त अर्थ निर्वहणात एकत्र यावेत, ही त्याची मूळ अट आहे. तेव्हा अनपेक्षितता हा दोष नव्हे. निर्बीजता हा दोष आहे. हा भेद 'शोले' (१९७५) या एकाच चित्रपटात स्पष्टपणे तपासता येतो.

१५ ऑगस्ट १९७५ रोजी, आणीबाणीच्या काळात, प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाचा मूळ शेवट वेगळा होता. त्यात हात गमावलेला ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला ठार करतो. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हाती घ्यावा, यावर सेन्सॉरने आक्षेप घेतला आणि नवा शेवट चित्रित करावा लागला. त्यात ऐन क्षणी पोलीस येतात व ठाकूर थांबतो.

हे पोलीस कोठून येतात? गब्बर तुरुंगातून पळालेला आहे, आणि ठाकूर दोन गुन्हेगारांना गावात आणतो तो कायद्याची शक्ती अपुरी ठरली म्हणूनच. रामगढच्या संघर्षात अनुपस्थित राहिलेली संस्था शेवटच्या क्षणी निर्णायक ठरते. ही सुटका केवळ गब्बरची नाही. ठाकुराचीही त्याच्या कृतीच्या परिणामापासून सुटका होते. मूळ शेवटात सूड पूर्ण झाल्यावर तो रडतो. सूडानंतरचे ते रितेपणच प्रेक्षकाकडून काढून घेतले जाते. फसवणुकीची भावना येथून निर्माण होते: ज्या प्रश्नात प्रेक्षकाला इतका वेळ गुंतविले, त्याचे उत्तर त्या प्रश्नाबाहेरून दिले जाते.

याच चित्रपटातील नाणे याच्या नेमके विरुद्ध आहे. मालगाडीवरील हल्ल्याच्या प्रसंगात (याचे चित्रीकरण खालापूरलगतच्या पनवेल परिसरात, मुंबई-पुणे लोहमार्गावर झाले) जखमी ठाकुराला सोडून पळावे की वाचवावे, हे जय नाणे उडवून ठरवितो. ठाकूर वाचतो तो निव्वळ योगायोगाने, असे वाटते. जयच्या मृत्यूनंतर कळते की नाण्याच्या दोन्ही बाजू सारख्याच होत्या. दैव भासलेली गोष्ट निवड ठरते आणि आधीच्या प्रसंगाचा अर्थ मागे जाऊन पालटतो. नाण्यात योगायोगाच्या वेषात स्वभाव येतो. पोलिसांच्या रूपात कायद्याच्या वेषात योगायोग येतो.

या शेवटानंतरही चित्रपट अफाट लोकप्रिय झाला, हा आक्षेप रास्त आहे. मात्र त्यातून एवढेच सिद्ध होते की भावनिक परमोत्कर्ष जयच्या मृत्यूत आधीच साधला गेला होता. २०२५ साली मूळ शेवटासह पुनःस्थापित प्रत पडद्यावर आल्याने दोन्ही संहिता आता शेजारी ठेवून पाहता येतात. त्यांतील फरक केवळ गब्बरच्या जगण्या-मरण्याचा नाही. एका संहितेत कृतीची किंमत कर्त्याला मोजावी लागते. दुसरीत ती त्याला माफ होते.