बबड्याचं म्हणणं कुणी ऐकलं का?

‘अग्गंबाई सासूबाई’ ही मालिका २०१९ ते २०२१ या काळात झी मराठीवर चालली, आणि परदेशातल्या आपल्या घरांमध्येही ती रात्री जेवताना चवीनं पाहिली गेली. आज तिच्यातलं काय आठवतं असं विचारलं, तर बहुतेक जण एकच शब्द सांगतील: बबड्या. निवेदिता सराफ यांनी साकारलेल्या आसावरीचा हा लाडावलेला मुलगा, सोहम. आईनं प्रौढ वयात शेफ अभिजित राजेंशी (गिरीश ओक) लग्न करू नये म्हणून तो आकाशपाताळ एक करतो. प्रेक्षकांनी त्याला इतकी नावं ठेवली की ‘बबड्या’ हे स्वार्थी मुलाचं सामान्यनामच होऊन गेलं.

मालिकेनं एक मोठं काम केलं, ते आधी मान्य करायला हवं. अनेक वर्षं सासरे आणि मुलगा यांच्याभोवती फिरलेल्या विधवा बाईला पुन्हा प्रेम वाटू शकतं, हे तिनं रोजच्या साडेआठच्या वेळात, चेष्टेचा सूर न लावता दाखवलं. शिवाय त्या लग्नासाठी सून पुढाकार घेते आणि कर्मठ सासरे हळूहळू वळतात, ही रचना हुशार होती. घरातल्या इतर नात्यांना विचार करायला वेळ मिळाला. तो मिळाला नाही फक्त मुलाला.

माझा आक्षेप इथे आहे. आईचा निर्णय योग्य ठरवण्यासाठी मालिकेनं मुलाला आळशी, आयतोबा आणि कारस्थानी केलं. त्यामुळे त्याच्या नकाराला काही किंमतच उरली नाही. मूल वाईट असेल तर आईला प्रश्नच पडत नाही, त्याला दूर सारलं की झालं. खरी अडचण मूल चांगलं असतानाची आहे. ते हुशार आहे, आईवर जीव लावणारं आहे, नवा माणूसही भला आहे, आणि तरीही त्याला हे लग्न नको आहे. अशा मुलाचं काय करायचं?

इथे दोन भाषांमधले दोन शब्द बघण्यासारखे आहेत. आपला ‘सावत्र’ हा शब्द संस्कृत ‘सापत्न’वरून आला, म्हणजे मुळात तो सवतींच्या नात्यातला. त्यात भांडण आहे ते दोन बायकांचं. इंग्रजीतल्या ‘स्टेपमदर’मधला ‘स्टेप’ जुन्या इंग्रजीत ‘पोरकं होणं, गमावणं’ या अर्थाशी जोडलेला होता. म्हणजे तो शब्द मुलाच्या बाजूनं बघतो. आपल्या गोष्टी अजून बहुतेक पहिल्याच बाजूनं सांगितल्या जातात: कोण जिंकलं, कोण हरलं. मुलानं काय गमावलं हे क्वचितच विचारलं जातं.

या बाबतीत क्रिस कोलंबस यांचा ‘स्टेपमॉम’ (१९९८) जास्त प्रामाणिक आहे. काजोल-करीनाचा ‘वुई आर फॅमिली’ हा त्याचाच हिंदी अवतार. न्यूयॉर्कमधल्या घटस्फोटित ल्यूकच्या आयुष्यात त्याच्याहून लहान असलेली फोटोग्राफर इझाबेल येते. मोठी मुलगी ॲना तिला उघडपणे झिडकारते. धाकटा बेन मात्र एकदा आईला अगदी सहज सांगतो की तुला हवं असेल तर मी तिचा द्वेष करीन. माझ्या मते चित्रपटातला सर्वात खरा क्षण हाच. बेनला इझाबेल आवडू लागली आहे, आणि म्हणूनच त्याला आईशी बेइमानी केल्यासारखं वाटतं. पॅट्रिशिया पेपरनाऊ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अशा कुटुंबांवर अनेक वर्षं काम केलं आहे. त्या याला निष्ठेचा पेच म्हणतात. नवा माणूस जितका चांगला, तितका हा पेच कधीकधी घट्ट होतो. सोहमच्या वाट्याला हा पेच आलाच नाही, कारण अभिजित आपल्याला आवडतो हे कबूल करण्याची संधीच लेखकांनी त्याला दिली नाही.

ॲनाचं वयही नेमकं आहे. मेव्हिस हेदरिंग्टन यांनी सुमारे १,४०० कुटुंबांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यात आईवडिलांचं पुनर्लग्न सर्वात जड जातं ते पौगंडावस्थेच्या सुरुवातीला, असं दिसलं. मूल स्वतः घरापासून थोडं सुटू पाहत असतं, आणि नेमकं तेव्हाच घर त्याला नव्यानं जुळवून घ्यायला सांगतं.

पण ‘स्टेपमॉम’ही शेवटी पळवाट काढतो. मुलांची आई असाध्य आजारी पडते आणि स्वतःच इझाबेलच्या हाती मुलं सोपवते. प्रत्यक्षात बहुतेकदा असं कुणी जागा मोकळी करून जात नाही. आधीचे बाबा तीन मैलांवर राहतात, दर शुक्रवारी मुलीला घ्यायला येतात, आणि दिवाळी कुणाकडे याचं वेळापत्रक असतं.

समजा, आपल्यापैकीच अशी एक आई आहे. वय पंचेचाळीस, मुलगी तेरा वर्षांची. लग्नाला चार महिने झालेत. जेवताना मुलगी फोन बघते. नवा नवरा शांतपणे म्हणतो, “फोन ठेव आता.” मुलगी त्याच्याकडे न बघता आईकडे बघते. आई गोंधळून म्हणते, “अगं, काका बरोबर सांगताहेत.” मुलगी उठून खोलीत जाते. त्या रात्री त्याला वाटतं आपण या घरात पाहुणेच. मुलीला वाटतं आई गेली. आणि आईला दोन्हीकडून अपराधी वाटतं. तिघांपैकी कुणीही बबड्या नाही.

या प्रसंगात बिघाड कुठे आहे हे संशोधन बऱ्यापैकी स्पष्ट सांगतं. नियम त्याचा नव्हता, निदान अजून नव्हता. सुरुवातीची काही वर्षं शिस्त जन्मदात्या पालकानं लावावी आणि नव्यानं तिला पाठिंबा द्यावा, हे हेदरिंग्टन आणि पेपरनाऊ दोघीही सांगतात. दुसरं म्हणजे, आईला मुलीसोबत एकटीचा, ठरलेला वेळ हवा, आणि नवऱ्यासोबतही वेगळा. सगळे मिळून सहलीला गेलं की जवळीक वाढते, हा समज इथे उलटतो, कारण एकत्र असताना कुणीतरी एक जण कायम बाहेर राहतो. आणि अशी घरं रुळायला महिने नाही, वर्षं लागतात; चार-पाच तर सहज.

‘काका’ या शब्दाचं मात्र मला कौतुक वाटतं. परदेशातली आपली मुलं शेजाऱ्यापासून वडिलांच्या मित्रापर्यंत सगळ्यांना काकाच म्हणतात, म्हणून या शब्दासाठी त्यांना मनातली कुणाचीच जागा रिकामी करावी लागत नाही. ‘आता त्यांना बाबा म्हण’ असा आग्रह झाला की मात्र बेनचा पेच सुरू होतो. त्यावर आईनं म्हणायचं वाक्य साधं आहे: “तुझे बाबा तुझे बाबाच राहणार. हे आवडले तर आवडू देत, नाही आवडले तरी चालेल. फक्त नीट वागायचं.” शेवटचे तीन शब्द महत्त्वाचे आहेत. भावना मुलीची, वागणूक घराची. मुलीचं दुःख समजून घ्यायचं म्हणजे लग्नावर तिला नकाराधिकार द्यायचा असं नाही, हा फरक त्यातच आहे.

‘अग्गंबाई सासूबाई’नं आसावरीला लग्नाचा हक्क मिळवून दिला, आणि तेवढ्यावर तिचं ऋण मोठं आहे. पण तो हक्क सिद्ध करायला मुलाला खलनायक करावं लागलं, म्हणजे लेखकांचा स्वतःचाच त्या हक्कावर पुरता विश्वास नव्हता. पुढची मालिका कुणी लिहिली, तर तिच्यात मुलगा चांगला असू दे. आई तरीही लग्न करू दे. आणि लग्नाच्या भागानंतर जेवणाच्या टेबलावर चौथ्या महिन्यात काय होतं, ते दाखवू दे.