कात्री आधी कुठे चालवायची?

मॅन्युस्क्रिप्ट शब्दमर्यादेबाहेर गेलं की आपला हात आधी मर्यादा सांगणाऱ्या शब्दांकडेच जातो. ‘कदाचित’, ‘एवढ्या तापमानापर्यंतच’, ‘अमुक गृहीत धरल्यास’. हे काढले तरी वाक्य मोडत नाही ना! मीही हे केलंय. म्हणून सांगतो, कापायला बसण्याआधी ‘नेचर’च्या २५ एप्रिल १९५३ च्या अंकातला वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएवरचा पेपर वाचा. जेमतेम पानभराहून थोडा मोठा आहे. यावेळी इतिहास म्हणून नको, काय ठेवलं आणि काय गाळलं ते बघायला वाचा.

पाउलिंग आणि कोरी यांच्या तीन साखळ्यांच्या मॉडेलला ते फक्त दोन कारणं देऊन बाजूला सारतात. फ्रेझरचं मॉडेल पुरेसं स्पष्ट नाही म्हणून त्यावर बोलतच नाहीत. अणूंचे कोऑर्डिनेट्स, मॉडेल बांधतानाच्या अटी वगैरे तपशील दुसरीकडे छापू असं एका वाक्यात सांगून मोकळे होतात.

आता जागा कशाला दिली ते बघा. अॅडेनिनची जोडी थायमिनशी, ग्वानिनची सायटोसिनशी, हा मुख्य मुद्दा. पण ठरावीक जोड्याच जुळतात असं सांगणाऱ्या वाक्यातच अट आहे: बेसेस कीटो रूपात आहेत असं धरलं तर. ही अट काढून पाहा. वाक्य सुटसुटीत होईल, पण चूक होईल. कारण एनॉल रूपात हायड्रोजनची जागा बदलते आणि मग ठरावीक जोड्याच जुळतील याची खात्री राहत नाही. म्हणजे इथे अट हाच युक्तिवादाचा कणा आहे. त्याशिवाय, उपलब्ध एक्स-रे माहिती काटेकोर चाचणीला अपुरी आहे आणि रचना अजून सिद्ध झालेली नाही, हेही त्यांनी कापलेलं नाही.

तुमच्या ड्राफ्टवर हेच करा. मर्यादा सांगणारा तुकडा बोटाने झाका. दावा आधीपेक्षा मोठा झाला, तर तो तुकडा राहू द्या, आणि दाव्याच्याच वाक्यात राहू द्या. शब्द दुसरीकडून मिळतात. ‘प्रस्तुत अभ्यासात असे आढळून आले आहे की २५ ते ४० अंश सेल्सिअस या तापमानाच्या दरम्यान हा उत्प्रेरक स्थिर राहतो’ याचं ‘हा उत्प्रेरक २५ ते ४० अंश सेल्सिअसला स्थिर राहतो’ झालं की अर्ध्याहून जास्त शब्द गेले, अट जागेवरच.

मात्र या पेपरची एक काटछाट मला पटत नाही. किंग्ज कॉलेजमधल्या विल्किन्स आणि फ्रँकलिन यांच्या अप्रकाशित निष्कर्षांच्या ‘साधारण स्वरूपा’ची कल्पना होती, एवढंच शेवटी येतं. प्रत्यक्षात वॉटसनने फ्रँकलिनच्या प्रयोगशाळेतला एक्स-रे फोटो पाहिला होता आणि तिची मोजमापं एका अहवालातून क्रिकपर्यंत पोचली होती. रचनेबद्दलच्या मर्यादा नेमक्या शब्दांत सांगणाऱ्यांनी डेटा कुठून आला हे मात्र मोघम ठेवलं. ते नीट सांगायला एखादं वाक्य पुरलं असतं.