पांच मिनिटें

समजा, डोंबिवलींतील एक पिता मुलाची लोकल चुकूं नये म्हणून भिंतीवरील घड्याळ पांच मिनिटें पुढें ठेवी. मुलगा वारल्यावर लेखक लिहितो, 'म्हाताऱ्याचें काळीज दुःखानें फाटलें.' भावाचें नांव घेतल्यानें भाव उपजत नाहीं. मम्मटानें 'काव्यप्रकाशां'त हा रसदोषच मानला आहे. आम्ही तें वाक्य खोडूं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीं म्हातारा घड्याळाचा लंबक थांबवितो, (ठोक्यांच्या घड्याळाचे कांटे उलटे फिरवीत नाहींत,) पांच मिनिटें तसाच उभा राहतो आणि लंबक पुन्हा हलवितो. सून दारांतून पाहते; बोलत नाहीं. मात्र घड्याळ पुढें ठेवण्याची संवय कथेच्या आरंभींच, सहज, येऊन गेलेली असावी. येथें सांगितल्यास तो नुसता खुलासा होईल. आणि 'आतां घाई कोणाला?' हें हमखास सुचणारें वाक्य लेखकानें गिळावें.